पावसाळ्यात कंपोस्टच्या खड्ड्याला पुन्हा पुन्हा वास का मारतो? आमच्या दोन घरांच्या उकिरड्याची गोष्ट आणि त्यातून सापडलेला उपाय

प्रॉब्लेम असा की उन्हाळ्यात खड्डा एकदम व्यवस्थित चालतो, काही वास नाही काही नाही, आणि जुलै लागला की आठवड्याभरात असा दर्प सुटतो की मागचं दार उघडता येत नाही, मग माणूस वैतागून त्यावर माती ओढतो, थोडे दिवस बरं वाटतं आणि गणपतीच्या आसपास पुन्हा तेच. आमच्याकडे हे एका वर्षात तीन वेळा झालं आणि तिन्ही वेळा कारण वेगळं होतं. ते कसं ओळखलं आणि काय केलं ते सांगते. पण सुरुवात भांडणापासून करावी लागेल कारण उपायाचं मूळ तिथेच आहे.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले, वाडीत राहतो, घंटागाडी आमच्या पाखाडीपर्यंत येत नाही. आमचं घर आणि शेजारच्या माईंचं घर यांच्यामध्ये जांभ्याचा गडगा, म्हणजे चिरे रचून केलेली कुंपणाची भिंत, आणि त्या गडग्याच्या एकाच कोपऱ्यावर दोन्हीकडून दोन उकिरडे. आमच्या बाजूला स्वयंपाकघरातलं सगळं, म्हणजे भाजीची देठं, फणसाची चारखंडं, उरलेला भात, मासळीची डोकी. आमच्या घरात माणसं पाच. माई एकट्या, मुलगा मुंबईला, तो मे महिन्यात आणि गणपतीला येणार. त्यांचा ओला कचरा मूठभर, पण त्यांच्या आगरात आंबा, फणस, काजू आणि नारळ, त्यामुळे पातेऱ्याचा, म्हणजे गळून वाळलेल्या पानांचा डोंगर. रोज सकाळी खराट्याने आंगण झाडून सगळा पातेरा गडग्यापाशी.

आप्पा म्हणजे माझे सासरे म्हणायचे की त्या पातेऱ्यात फुरसं राहतं, पोरं तिथे खेळतात, कधी काय होईल सांगता येत नाही. आणि फुरसं खरंच निघालं होतं एकदा. माई म्हणायच्या की तुमच्या उकिरड्याचा वास माझ्या माजघरात येतो आणि माझी विहीर तिथून वीस पावलांवर आहे, त्याचं पाणी कुठे जातं ते बघा. दोघांचंही म्हणणं खरं होतं हे मला आज कळतंय, तेव्हा मी अर्थातच आप्पांच्या बाजूने होते. त्यात एका चैत्रात आप्पांनी त्यांचा पातेरा पेटवून दिला, त्यांना न विचारता, धूर सगळा त्यांच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर गेला. त्या दिवसापासून बोलणं बंद. त्याआधी माई आप्पांना भावोजी म्हणायच्या, आता "तुझ्या सासऱ्यांना सांग" असं मला सांगायच्या, आणि आप्पा दोन हातांवर उभे असून माझ्याकडे बघून म्हणायचे, "वहिनींना म्हणावं ऐकू येतंय मला." गावच्या तंटामुक्त समितीकडे पण गेलं प्रकरण, त्यांनी दोघांना आपापला कोपरा साफ करायला सांगितलं. दोघांनी केला, आणि महिन्याभरात होतं तसं झालं, कारण कचरा थांबला नव्हता, तो जाणार कुठे?

इथे थोडं मागचं सांगते कारण त्याशिवाय कळणार नाही. पूर्वी हा पातेरा कचरा नव्हताच. गोठ्यात गुरांच्या पायाखाली टाकायचे, तो शेणमुतात भिजून शेणकीत जायचा, आणि उरलेला भाजावळीला, म्हणजे भाताचा तरवा टाकायच्या आधी जमीन भाजतात त्यात. आमची गाय विकली, माईंकडे तर गुरं कधीच गेली, भाताचा मळा दोघांनीही सोडला. पातेरा मात्र झाडं दरवर्षी तेवढाच टाकतात. म्हणजे कचरा वाढला नाही, तो खाणारं कोणी राहिलं नाही.

मग मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. १६ मे, रविवार. माईंचा रायवळ आंबा गडग्यावर पडला, गडगा दहा-बारा फूट कोसळला आणि दोन्ही उकिरडे एकमेकांत गेले. झाड तोडून नेलं पण त्या गडबडीत गडगा कोणी रचला नाही, बोलणंच नव्हतं तर रचणार कोण, पावसाळाभर तसंच राहिलं. डिसेंबरात मी तिथे गडग्याचे चिरे मोजायला गेले, परत रचायला किती लागतील बघायला, तर दिसलं की ढिगाच्या बरोबर मध्ये, जिथे पातेरा आणि आमचा ओला कचरा एकत्र झाला होता, तिथे दोन खळगे आहेत. एक आमच्या बाजूने उकरलेला, एक त्यांच्या बाजूने. आतली माती काळी, भुसभुशीत, हाताला कोमट लागली नाही पण वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा. बाजूला आमच्याकडे अजूनही तोच चिखल आणि वास, त्यांच्याकडे अजूनही तोच कोरडा पातेरा, तीन वर्षांपूर्वीचं फणसाचं पान ओळखू येईल असं. फक्त मधला दोन हातांचा पट्टा माती झाला होता.

आमच्या बाजूचा खळगा कोणाचा ते मी घरी येऊन बघितलं. आप्पांच्या मिरचीच्या वाफ्यात तीच काळी माती. दुपारी माईंकडे कढीलिंब मागायच्या निमित्ताने गेले तर तुळशीवृंदावनात आणि अबोलीच्या कुंड्यांत तीच. दोघं एकमेकांच्या नकळत एकाच जागेतून घमेलं भरून नेत होते. मी संध्याकाळी आप्पांना सांगितलं, त्यांनी काही उत्तर दिलं नाही, चहा संपवला आणि खुरपं घेऊन सरळ गडग्यापाशी गेले. माई आंगणात होत्या. आप्पा म्हणाले, "वहिनी, तुमचा पातेरा नसता तर ही माती झाली नसती." माई थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "आणि तुमची घाण नसती तर माझा पातेरा अजून तीन वर्षं तसाच पडला असता, भावोजी." भावोजी हा शब्द मी चार वर्षांनी ऐकला.

आता यातलं शास्त्र अगदी साधं आहे. कुजवणारे जे सूक्ष्म जीव असतात त्यांना जळणासाठी कार्बन लागतो आणि अंग वाढवायला नत्र लागतं. वाळक्या पानात कार्बन भरपूर, नत्र जवळपास नाही, म्हणून नुसता पातेरा वर्षानुवर्षं पडून राहतो. ओल्या खरकट्यात, मासळीत नत्र भरपूर आणि पाणी खूप, हवा जायला जागा नाही, म्हणून नुसता ओला कचरा सडतो. कुजणं आणि सडणं हे दोन वेगळे आहेत, हवा मिळाली तर कुजतं, नाही मिळाली तर सडतं. म्हणजे दोन घरांकडे अर्धा अर्धा प्रॉब्लेम होता आणि तो वेगवेगळा ठेवला म्हणून दोन्हीकडे प्रॉब्लेमच राहिला.

तर जानेवारी २०२२ मध्ये आम्ही सामाईक खड्डा काढला. जागा बदलली, विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला, साठ फुटांवर. सहा फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट खोल. नियम एकच ठेवला, एक बादली ओलं टाकलं की दोन बादल्या पातेरा, मापाने, वजनाने नाही. आंब्याचं पान जाड आणि मेणचट असतं, अख्खं टाकलं तर एकावर एक चिकटून पापुद्रे होतात आणि आत पाणी शिरत नाही, म्हणून गोणीत भरून पायाने तुडवून चुरा करून टाकायचा. वाडीतून आठवड्याला एक घमेलं शेण आणायचं, बादलीभर पाण्यात कालवून शिंपडायचं. मेपर्यंत इतकं सुंदर चाललं की माईंनी मुलाला मुंबईला फोटो पाठवला.

आणि मग जुलै आला.

पहिला दणका आषाढ संपता संपता. वास आला तो कुजक्या अंड्यासारखा. आप्पा म्हणाले वहिनींनी काहीतरी टाकलंय, माई म्हणाल्या ह्यांच्याकडचंच आहे, आणि मला वाटलं संपलं, परत सुरू. पण हा वास एकच गोष्ट सांगतो, आत पाणी भरलंय आणि हवा नाही. बघायचं कसं तर ढिगाच्या मधून मूठभर काढून घट्ट दाबायचं. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर. धार लागली तर पाणी जास्त. काहीच ओलं लागलं नाही, मूठ सोडल्यावर भुगा पडला तर कोरडं. आमच्या मुठीतून अक्षरशः काळं पाणी वाहिलं. पहार खाली घातली तर एक फूट पाणी तळाला उभं. कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आम्ही जांभ्यात तीन फूट खोल खड्डा काढला होता, म्हणजे टाकीच बांधली होती. देशावर, कमी पावसात खड्डा चालतो कारण तिथे ओल टिकवायची असते, आमच्याकडे ओल घालवायची असते, हे आधी डोक्यात आलंच नाही.

दुसरं कारण त्याच आठवड्यात सापडलं. पातेरा संपला होता. आम्ही मे महिन्यात फक्त सहा गोण्या भरून ठेवलेल्या, बाकीचा आंगणात होता तो पहिल्याच पावसात भिजला. भिजलेला पातेरा पाणी शोषत नाही, तो स्वतःच पाणी घेऊन येतो. मग हिशोब केला तो आधी करायला हवा होता. दोन घरांचं मिळून ओलं रोज साधारण पाच लिटर मापाचं, म्हणजे अर्धी बादली. त्याला दुप्पट म्हणजे दहा लिटर सुका चुरा. भाताच्या पन्नास किलोच्या गोणीत साधारण पंच्याहत्तर लिटर बसतो, म्हणजे एक गोणी सात-साडेसात दिवस. सहा गोण्या पंचेचाळीस दिवस. १० जूनला पाऊस धरला की २५ जुलैला संपणार, आणि दीप अमावास्या होती २८ जुलैला, बरोबर त्याच आठवड्यात वास. जून ते सप्टेंबर चार महिने, एकशेवीस दिवस, म्हणजे बाराशे लिटर, म्हणजे सोळा गोण्या. आम्ही दहा गोण्या कमी भरल्या होत्या. एवढंच. ज्यांच्याकडे दर पावसाळ्यात वास येतो त्यांनी आधी हा हिशोब आपल्या घराचा मांडा, माझ्या मते दहापैकी सात-आठ घरांत इथेच गडबड असणार.

ऐन पावसात काय केलं ते सांगते कारण तुम्ही आत्ता अडकला असाल तर तेच लागेल. खड्ड्यातलं सगळं फावड्याने वर काढलं, दोन पुरुष आणि आम्ही दोघी, तोंडाला फडकं बांधून, अर्धा दिवस गेला. जमिनीवर आधी नारळाच्या सोडणांचा एक थर पसरला. सोडण वर्षभरात कुजत नाही त्यामुळे खत म्हणून उपयोग नाही, पण तळाला घातलं तर पाणी निचरतं आणि खालून हवा येते. त्यावर तो सगळा चिखल, मध्ये मध्ये सुकं काही मिळेल ते, लाकडाच्या गिरणीतला भुसा दोन गोण्या आणला, जुने पुठ्ठे फाडून घातले. पुठ्ठ्याची चिकटपट्टी काढून टाकायची. वर माडाच्या चुडतांची झापं तिरकी टाकली आणि वरच्या अंगाला पाणी वळवायला चर खणला. तीन दिवसांत अंड्याचा वास गेला. पूर्ण गेला म्हणजे मातीचा वास आला असं नाही, पण दार उघडता यायला लागलं.

दुसरा दणका गणपतीत. माईंकडे मुंबईची नऊ माणसं, आमच्याकडे सहा पाहुणे, सहा माणसांच्या ढिगावर एकदम एकवीस माणसांचं पडायला लागलं. खोबऱ्याचा चव, केळीची पानं, निर्माल्य आणि भात, भात तर पातेल्याने. चौथ्या दिवशी आंबट वास, शिळ्या ताकासारखा, आणि वर अळ्याच अळ्या. पाहुण्यांपैकी कोणी तरी फिनेल ओतायला निघालं होतं, त्याला माईंनी अडवलं म्हणून वाचलो. फिनेल, ब्लीचिंग पावडर असलं काहीही ढिगावर ओतू नका, अळ्या मरतीलच पण कुजवणारे जीवही मरतील आणि मग ढीग पुढचे कित्येक दिवस नुसता बसून राहील.

आंबट वास म्हणजे शिजवलेल्या अन्नाचे गोळे. भात दाबला गेला की त्याचा लगदा होतो, आत हवा नाही, तो आंबतो. उपाय असा की भात कधी एका जागी ओतायचा नाही, पातेऱ्यात आधी कालवून, मोकळा करून, मग ढिगाच्या मध्ये खड्डा करून आत घालायचा आणि वर हातभर नाही तरी चार बोटं सुका थर हवाच. हा वरचा थर हेच माशांवरचं औषध. माशीला ओलं उघडं दिसलं नाही तर ती अंडी घालायला येत नाही.

अळ्यांबद्दल जरा नीट सांगते कारण बायका याच्यामुळेच कंपोस्ट सोडून देतात, आणि माईही सोडणारच होत्या. बारीक पांढऱ्या, तांदळाएवढ्या असतात त्या घरमाशीच्या, त्या नकोत. पण जाड, चपट्या, मातकट तपकिरी, अंगावर वळ्या असलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या दिसल्या तर त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. त्या कचरा भराभर खातात, त्यांची माशी अन्नावर बसत नाही आणि चावतही नाही, आणि पूर्ण वाढलेल्या अळ्या स्वतःच ढीग सोडून कोरड्या जागी जातात. आमच्यात त्याच जास्त होत्या. मी एक अळी कागदावर घेऊन माईंना चष्मा लावून दाखवली, त्यांनी नीट निरखून बघितली आणि म्हणाल्या, "हिच्यापेक्षा आंब्यातली वाईट." सुका थर वाढवला की त्या आत राहतात, बाहेर फिरत नाहीत. गणपतीनंतर आठ दिवसांत सगळं शांत.

म्हणून आता गणपतीसाठी आम्ही चार गोण्या वेगळ्या ठेवतो. सोळा अधिक चार, वीस.

तिसरा दणका वेगळाच होता, नोव्हेंबरात, पाऊस गेल्यावर. आंगणातलं गवत कापून आप्पांनी एकदम चार-पाच भारे ढिगावर टाकले, हिरवंगार. तीन दिवसांनी वास आला तो गोठ्यातल्या मुतासारखा, डोळ्यांना झोंबणारा. हा अमोनियाचा वास, म्हणजे नत्र जास्त झालं आणि ते हवेत उडून चाललंय. हा वास आला तर पाण्याचं काही बघू नका, मूठ दाबून बघितली तर ओल ठीकच निघेल, फक्त सुकं कमी पडलंय. दोन गोण्या चुरा घालून ढीग फावड्याने उलटला, दुसऱ्या दिवशी वास नाही. हिरवं गवत आता आम्ही आधी दोन दिवस उन्हात टाकतो.

पण त्या उलटण्यात एक गोष्ट झाली जी आप्पांना फार आवडली. उलटल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी पहार मध्ये खुपसून ठेवली आणि अर्ध्या तासाने काढली तर हातात धरवत नव्हती. ढीग तापला होता. रोज थोडं थोडं टाकलेला ढीग असा तापत नाही, कोमट राहतो, त्याला वेळ जास्त लागतो पण खत होतंच. तापायला दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे ढीग निदान तीन फूट लांब, तीन रुंद, तीन उंच असा एकत्र हवा, त्यापेक्षा लहान असेल तर जेवढी ऊब तयार होते तेवढी बाहेर निघून जाते, आणि दुसरं म्हणजे हवा. एकट्या घराच्या कचऱ्यात तेवढा ढीग व्हायला फार महिने लागतात, तोवर खालचा थंड झालेला असतो. दोन घरांचा मिळून लवकर होतो. पंचावन्न अंशांच्या आसपास तीन दिवस टिकलं तर गवताचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात, म्हणून नंतर कुंडीत त्या खताबरोबर टोमॅटोचं रान उगवत नाही.

मग २०२३ च्या उन्हाळ्यात खड्डा बुजवून टाकला आणि वर बांधलं. कल्पना नवी नाही, आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी जी नाडेप टाकी काढली, त्यांच्या नावावरूनच नाडेप, तिचं तत्त्व तेच, जमिनीच्या वर विटांचं हौद आणि भिंतीत भोकं ठेवलेली, म्हणजे चारी बाजूंनी हवा जाते. मूळ टाकी दहा फूट बाय सहा फूट, उंची तीन फूट, शेतकऱ्यासाठी आहे, एकदम भरून शेणमातीने लिंपून तीन-चार महिने ठेवतात. आम्ही तेवढी मोठी नाही केली. कोसळलेल्या गडग्याचे जे चिरे पडून होते तेच वापरले, चुना-सिमेंट न लावता नुसते रचले, दोन चिऱ्यांमध्ये चार बोटांची फट. दोन कप्पे, प्रत्येकी चार बाय चार, तीन फूट उंच. जमीन फक्त वीतभर खणली, त्यात सोडणं. वर दोन पत्रे, विहिरीच्या उलट्या बाजूला उतार, आणि पत्रा भिंतीच्या बाहेर दीड फूट ठेवायचा, नाहीतर वाऱ्यातला पाऊस फटींतून आत येतो. तरी आम्ही सगळे त्याला अजून खड्डाच म्हणतो.

दोन कप्पे का, तर एक भरत असताना दुसऱ्याला निवांत पडू द्यायचं. आमचा एक कप्पा साधारण चार महिन्यांत भरतो, बसत जातो तसं टाकत जायचं, मग एकदा उलटून, शेणकाला शिंपडून झाकून ठेवायचा आणि दुसरा सुरू. दुसरा भरेपर्यंत पहिल्याचं खत तयार. तयार झालं की नाही हे कळायला आमच्याकडे सोपी खूण आहे, ओलसर मूठभर खत प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधून तीन दिवस ठेवायचं आणि मग उघडून वास घ्यायचा. मातीचा वास आला तर झालं. आंबट किंवा घाण आला तर अजून महिनाभर राहू दे. कच्चं खत मुळाशी घातलं तर रोप पिवळं पडतं, आप्पांच्या मिरचीवर एकदा तसं झालेलं आहे, कारण आतली कुजण्याची क्रिया जमिनीतलंच नत्र ओढून घेते.

खत अर्धं अर्धं. माई तुळस, अबोली आणि सुपारीला घालतात, आप्पा मिरची, वांगी, पडवळ. घमेल्याने मोजतात, आळीपाळीने, एक इकडे एक तिकडे, शेवटचं अर्धं राहिलं तर ते गडग्यापाशी माईंनी लावलेल्या नव्या आंब्याला. गडगा तिथे परत रचलाच नाही, चिरे संपले. त्या जागेतून जायला-यायला वाट झाली आहे.

गोण्या भरायचं काम फाल्गुनापासून वैशाखापर्यंत. पातेरा अगदी कडकडीत वाळला की भरायचा, हाताने चुरगाळला तर मोडला पाहिजे, वाकला तर अजून ओल आहे, तसाच भरला तर गोणीतच बुरशी धरतो. माळ्यावर किंवा पडवीत, जमिनीपासून वर, फळीवर ठेवायच्या. हातमोजे आणि काठी घेऊन पातेरा ओढायचा, हात घालायचा नाही, फुरसं विसरू नका. गोण्यांवर माई कोळशाने आकडे घालतात. गेल्या पावसाळ्यात शेवटची विसावी गोणी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी उघडली.

अजून एक प्रॉब्लेम आमचा सुटलेला नाही तो म्हणजे घूस. नारळी पौर्णिमेनंतर मासळी सुरू झाली की ती येते, फटींतून नाही, खालून, बीळ पोखरून. मासळीची डोकी आम्ही आता ढिगाच्या अगदी मध्ये, फूटभर खाली पुरतो आणि वर शेणकाला ओततो, त्याने निम्मी तरी कमी झाली. तळाला अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी घालायची हे ठरलंय, पण त्यासाठी कप्पा पूर्ण रिकामा लागतो आणि सोडणं उचलावी लागतात, त्यामुळे ते डाव्या कप्प्याचं खत निघेल तेव्हा, शिमग्याच्या आधी. आप्पांनी जाळी आणून पडवीत ठेवली आहे, माई रोज विचारतात, "भावोजी, कप्पा खाली कधी करणार?" जाळी दोन्ही कप्प्यांना पुरेल एवढी आणलीय, आठ फूट बाय चार, पण कडेला वीतभर वर वळवायची तर कमी पडेल असं आत्ताच लक्षात आलं, म्हणजे त्याच रुंदीची अजून सहा फूट तरी आणावी लागणार.